झाकण

फिटरकाकांच्या हाताला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी अंडी उबवायची पेटी बनवली. आत हीटर, पंखा, अंडी फिरवायला मोटर, अंड्यांशेजारी तापमान मोजणारा थर्मिस्टर, आणि हीटर कमी-जास्त करून साडेसदतीस अंश टिकवून धरायला पीआयडी कंट्रोलर.

पण तापमान काही केल्या ठरेना. घसरायचं, मग उसळून एकोणचाळीसला जायचं. काका कंट्रोलरचा 'पी' नावाचा आकडा कमी करत, 'आय' नावाचा वाढवत, पुन्हा उलटं करत, आणि दर खेपेला झाकण उघडून आत हात घालून ऊब बघत.

"हा आयच नाठाळ आहे," ते काकूंना म्हणाले. "मागची सगळी उणीव मनात साठवत बसतो. झाकण लावलं तरी हीटर तापवतच राहतो."

"पण त्याला गार वारा घालतं कोण?" काकूंनी भाजी निवडता निवडता विचारलं.

"तुला त्यातलं कळत नाही."

मग काका भाचीच्या लग्नाला दोन दिवस परगावी गेले. काकूंनी पेटीला बोट लावलं नाही. काका परतले तर कंट्रोलरच्या पडद्यावरची तापमानाची रेघ साडेसदतीसवर सुतासारखी सरळ.

"बघितलंस? जमवलंच शेवटी मी!" काका फुशारले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण इतकी सरळ? थर्मिस्टर तर बिघडला नाही ना?"

आणि त्यांनी झाकण उघडलं.