गोठ्याचा वास

कुत्र्याच्या तोंडाला वास यायला लागला, तेव्हा बायकोने त्याचा ओठ वर करून पाहिला. मागच्या दाढांवर तपकिरी, दगडासारखा थर होता. तो तिचाच कुत्रा. बाटलीने दूध पाजून वाढवलेला. आम्ही त्याला बालाघाट शहरातल्या जनावरांच्या नव्या दवाखान्यात नेलं. उद्घाटनाचा फलक अजून लटकत होता. त्यावर पाहुण्यांचे फोटो दाटीवाटीने होते, जनावर एकही नव्हतं. डॉक्टरीणबाई मात्र कामाच्या निघाल्या.

"ब्रश दात आणि हिरडीच्या मधे तिरपा धरा. हळूहळू गोल फिरवा. बाहेरची बाजू झाली तरी चालेल. पेस्ट कुत्र्यांचीच घ्या. माणसांची नको, हा थुंकत नाही."

"आमच्या घरी थुंकनारा एकच हाये," बायको म्हणाली, "अन् तो दोन पायाचा."

रोज घासल्यावर मऊ थर निघतो, पण दगड झालेला ब्रशने निघत नाही. कुत्र्याला बेशुद्ध करून तो खरवडावा लागतो, असं त्यांनी सांगितलं. धान कापून झालं की आणू, असं आम्ही ठरवलं.

बायको रोज घासत राहिली. घासताना हिरड्यांतून यायचं ते रक्त थांबलं. वास मात्र गेला नाही, बदलला. आता तो मुतासारखा उग्र होता. आमचा गोठा घराला लागून. त्या वासाचं आम्हाला काय नवल?

"गोठ्याच्या नालीत तोंड घालून राह्यला हा," बायको म्हणाली आणि तिने त्याला पुढच्या अंगणात बांधला. तो पाण्याची बादली रिकामी करू लागला. बांधल्याने घसा सुकत असेल, असं मी म्हणालो. मी बरंच वाचलेलं आहे.

कापणी संपल्यावर पुन्हा गेलो. डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या. जिभेच्या कडेला फोड होते.

"पाणी जास्त पितो?"

"हौ. पन वास नालीचा हाये, मॅडम."

"अजून जातो नालीत?"

"नाही जी. बांधूनच ठेवला मी त्याले."

"मग?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडं निकामी निघाली. शरीरातली घाण बाहेर पडत नव्हती, तोच वास श्वासाला होता. आता बेशुद्ध करणं धोक्याचं, आणि दात साफ करून उपयोगही नव्हता. फोडांवर ब्रश लावू नका, असंही त्या म्हणाल्या. सलाईन देऊन पाहिलं. त्याने खाणं सोडलं.

तो गेला तेव्हा बायको गाय दोहत होती. मी जाऊन सांगितलं.

"हौ," ती म्हणाली, आणि धार काढत राहिली. गाय पुरती दोहून झाल्यावर उठली.