गप्प राहिलेल्याचे गुण

माझी सून कॉलेजात शिकवते. गिरीज गावातल्या आमच्या घरी ती ओट्यावर बसून निबंध तपासत होती. चौघांनी मिळून केलेल्या कामात आपण काय केलं, भांडण कसं हाताळलं, ते मुलांनी खरंखरं लिहायचं होतं. एक तिने वाचून दाखवला : ‘बाकीचे आळशी होते. वाद नको म्हणून मी गप्प राहिलो आणि सगळं एकट्याने केलं.’

मी चौथी नापास, पण म्हटलं, “बाय, याला पैकीच्या पैकी दे.”

“पप्पा, गप्प राहून भांडण मिटलं का? त्याचं स्वतःचं काय चुकलं, एक ओळ नाही. दहात तीन. पुन्हा लिहून आणू दे.”

“तू काय तिथे होतीस?”

“मी नव्हते, पण तो तर होता ना!”

सामाईक विहिरीच्या पाण्यावरून मी धाकट्या भावाशी बोलणं टाकलं, ते तो जाईपर्यंत. वाद नको म्हणून गप्प राहिलो, असंच सगळ्यांना सांगत आलो. त्याच्या पाळीतही मी माझा पंप चालू ठेवायचो, हे कुणाला सांगितलं नाही.

आता पंप बंद असला तरी कानात घरघर चालूच असते. त्या पोराने पुन्हा लिहिलं का, हे मी सुनेला रोज विचारतो.