ओटातला गहू

कणीक ओढली की ताणली जाते, ज्वारीचं पीठ तुटतं. पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्या तीन वर्षांच्या पोरीचं दुखणं मला असं समजावलं. कणकेला तो ताण देणारा चिवट अंश म्हणजे ग्लूटेन. तो गव्हात असतो, म्हणून रव्यात, मैद्यात, शेवयांतही असतो, आणि जवातही. तोच तिच्या आतड्यांना सोसत नव्हता. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, हातापायांच्या काड्या झालेल्या. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, एवढंच द्यायचं. दोन-तीन महिन्यांत पोर हसायला लागली.

पिंपरीत तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. आमच्या चाळीतले एक शेजारी जवळच्या चाऱ्याच्या शेतावर कामाला होते. पोरीला ताकद यावी म्हणून त्यांनी तिथला, जनावरांसाठी पेरलेला पायलीभर ओट, म्हणजे ओट्सचे दाणे, आणून दिला. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ओटातलं प्रथिन वेगळं असतं, विलायतेतही यावर वाद आहे, थोडा देऊन बघा. पिशवीत काय आहे ते बघा, असं काही म्हणाले नाहीत. चाळीतल्या बायकांच्या सामाईक जात्यावर मी तो भरडला, चाळून घेतला आणि पेज केली.

आठवड्यात पोर पुन्हा आडवी झाली. जुलाब थांबेनात. मी चिडून उरलेला ओट सुपात ओतला. लांबट, फोलपटातल्या दाण्यांमध्ये गोल, उघडे दाणे दिसले. गहू! शोधत गेले तर जवही निघाला. तसंच सूप घेऊन शेजाऱ्यांच्या दारात गेले.

"हे काय आहे, भाऊ?"

"गहू हाय, वैनी. गेल्या साली त्याच रानात गहू होता. गळालेला दाणा उगवतोच. शिवाय खळं एकच, पोतीबी तीच. ओट निखळ कधीच नसतो."

"मग सांगितलं का नाही?"

"कुनी ईचारलंच न्हाई. जनावरं काय, खात्यात गुमान."

"माझी पोर जनावर आहे का?" मी किंचाळले. सगळी चाळ बाहेर आली. त्या माणसाचं मन वाईट नव्हतं, पण माझा राग काही केल्या आवरेना. डॉक्टरांचाही आला. आज सगळे सांगतात की ओट बहुतेकांना चालतो, घात करतो तो त्यात मिसळलेला गहू. तेव्हा हे मला माझ्या पोरीच्या पोटावरून कळलं.

ती सावरायला पावसाळा उजाडला. सामाईक जात्यावर सगळ्यांचा गहू दळला जाई, म्हणून मी स्वतःचं जातं घेतलं आणि त्यावर गव्हाचा दाणाही पडू दिला नाही. एकदा गिरणी बंद होती आणि सामाईक जात्यावर रांग होती म्हणून शेजाऱ्यांची बायको सणाचा गहू दळायला आली. मी दार अडवून उभी राहिले. ती तणतणली, "मूठभर पिठानं काय पोर मरती व्हय तुझी?"

"मरत आली होती," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.