फोटोतल्या बारा खिडक्या

सासऱ्याचं काम घेऊ नये, हे मी नांदेडात फोटो स्टुडिओ टाकला त्या दिवशीच कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. अहमदपुरात सासऱ्यांनी मंगल कार्यालय बांधलं आणि उद्घाटनाच्या पत्रिकेवर त्याचा फोटो पाहिजे म्हणून मला बोलावलं. लग्नाला बारा वर्षं झाली, काम पहिल्यांदा! एरवी पाहुण्यांत माझी ओळख "हे फोटो काढतेत" एवढीच, तीही हळू आवाजात.

गेलो तर इमारतीची अख्खी उजवी बाजू बांबूच्या परांचीत आणि हिरव्या जाळीत गुंडाळलेली. तिकडचं प्लास्टर बाकी होतं.

"हे काढून टाका," सासरे म्हणाले.

"मिस्त्रींना सांगा की, मामा."

"फोटोतून काढा म्हणलो! तुमचं कॉम्प्युटर कशाला हाय मग?"

रस्ता अरुंद, मागं सरकायला जागा न्हाई. कॅमेरा वर तिरपा धरूनच फोटो घ्यावा लागला, आणि तसं केलं की भिंती वर जाता जाता एकमेकींकडं झुकतात. कॅमेऱ्यात ते बघून मिस्त्रीचाचा हबकलेच. तीस वर्षं सासऱ्यांची सगळी बांधकामं ह्याच म्हाताऱ्या माणसाच्या हातची. "या अल्ला! एकेक भिंत ओळंबा लावून उभी केली, जावईबापू!"

"भिंत सरळच हाय चाचा, कॅमेरा तिरपा हाय. मी करतो नीट," म्हणलं, तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला.

नांदेडला येऊन बसलो. आधी उभ्या रेषा सरळ केल्या. त्या सरळ झाल्याशिवाय एका बाजूचा तुकडा दुसऱ्या बाजूला नीट बसत न्हाई. कडेनं भरपूर जागा सोडून फोटो घेतला होता, म्हणून कोपरे कापले गेले तरी इमारत शाबूत राहिली. ताणून ती उंच, किडकिडीत दिसायला लागली होती, तिला दाबून मापात आणलं. मग परांची. बांबूमागचं आभाळ शेजारच्या आभाळानं भरलं. पण जाळीमागं काय होतं, देवाला ठाऊक. डाव्या बाजूला दोन मजल्यांवर तीन-तीन खिडक्या होत्या. तीच बाजू उचलली, आरशातल्यासारखी उलटी केली आणि उजवीकडं बसवली. आता त्या खिडक्यांच्या सावल्या उन्हाच्याच दिशेला पडायला लागल्या, तर त्याही एकेक करून पुसल्या आणि बरोबर बाजूला काढल्या. एवढी अक्कल पाजळली, पण एक फोन करून विचारायचं सुचलं न्हाई.

सासरे लई खूश. पत्रिका छापल्या, चाकूरपासून देगलूरपर्यंत वाटल्या. माझी छाती फुगली.

आठच दिवसांनी माहेरचा फोन ठेवून बायकोनं सगळं सांगितलं. तिकडं जाळी सोडली होती. पत्रिकेवर बारा खिडक्या, भिंतीत सहा. सासऱ्यांनी पत्रिका नाचवत चार माणसांत चाचांना विचारलं होतं, "माझ्या सहा खिडक्या कुठं घातल्या? कोणाला विचारून बुजवल्या?" चाचा थापी टाकून घरी निघून गेले होते. काम बंद.

गप्प बसावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू. बारा वर्षांनी कुठं जरा मान मिळाला होता. पण तीस वर्षं साथ दिलेल्या माणसाला माझ्यापायी लबाड ठरवलं, ह्याची लाज त्याहून मोठी होती. सकाळच्या एसटीनं अहमदपूर गाठलं, चाचांना घरून हातापाया पडून आणलं. वाटेत ते एका शब्दानं बोलले न्हाईत.

कार्यालयापुढं तीच चार माणसं होती. मी म्हणलं, "मामा, त्या खिडक्या मी केल्या."

"कवा?"

"कॉम्प्युटरवर. चाचांनी काहीच बुजवलं न्हाई. आता सांगा, त्या भिंतीच्या आत काय हाय?"

सासरे भिंतीकडं वळले. "संडास," ते म्हणाले. "खाली-वर दोन्हीकडं."

"मग संडासाला एवढाल्या खिडक्या? त्याही रस्त्याकडं?"

चारही माणसं फिदीफिदी हसली. सासऱ्यांचा चेहरा पडला. ह्या माणसानं रोज उभं राहून ती भिंत बांधून घेतली होती, आणि विश्वास ठेवला माझ्या फोटोवर!

चूक झाली म्हणणं सासऱ्यांच्या रक्तात न्हाई. ते जाऊन चाचांच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "काढा आमचा दोघांचा फोटो."

मागं बांबू, अर्धवट प्लास्टर, रिकाम्या पोत्यांचा ढीग. "मामा, परांची पुसू का नंतर?"

"न्हाई. काहीच पुसू नका." सासरे म्हणाले. "हाय तसंच राहू द्या."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. तेव्हा चाचा सकाळपासून पहिल्यांदा बोलले.

"जावईबापू, माझं पोट तेवढं पुसा."