तीन ओळींतला एक रुपया

२०२३ साल, मी एकाहत्तर वर्षांचा. उमरीतल्या माझ्या दुकानातून बिलोलीच्या शाळेला खिळे, तार, कडी दिली. १२०.४०, ८५.३० आणि ६४.४५. सवयीनं मी प्रत्येक ओळीतले पैसे सोडले आणि बेरीज २६९ लिहिली. बिल दोनदा परत आलं, म्हणून एसटीनं गेलो.

"काका, कंप्युटर २७० म्हणतोय," शाळेचा क्लार्क म्हणाला. "तो पैशासकट बेरीज करतो, २७०.१५, अन् शेवटी एकदाच पूर्ण रुपया करतो."

"मी कमीच मागून राहिलो ना?"

"त्याला कमी बी चालत न्हाई."

माझी बेरीज चुकली न्हाई, एवढं त्याच्याकडून वदवून घेतलं, मगच उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नवं बिल लिहिलं, ओळींत पैसे ठेवून, खाली पंधरा पैसे वजा करून.