लोकर कुणाच्या वाट्याला

शाळेतल्या शिवणाच्या बाई वस्तू जपण्यात पटाईत. त्यांची लोकरीची शाल तर तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. आईने त्यांना आणि त्यांच्या थोरल्या बहिणीला एकेक शाल दिली तेव्हा थोरलीच्या तोंडावर म्हणाली होती, "खरी लोकर धाकटीला. ती जपेल. तुला आपली साधी बरी." थोरलीची शाल पहिल्याच धुण्यात बाद झाली. तेव्हापासून "आईने मला चिंधी दिली" हे तिचं पालुपद. आई गेली, तरी थोरलीच्या मनातली अढी गेली नाही. दोघींचं बोलणं जुन्या कपड्याच्या शिवणीसारखं, उसवेल तिथे टाका घालून चाललेलं.

त्या दिवशी बाई सहावीला धाग्यांबद्दल सांगत होत्या. कापूस झाडाचा, लोकर मेंढीची, नायलॉन कारखान्यातलं. सुती कपडा गरम पाणी सोसतो. लोकरीला थंड पाणी हवं, चोळायचं नाही, पिळायचं नाही, नाहीतर आकसून घट्ट होते. कारखान्यातल्या धाग्याला कसर, म्हणजे कपडे खाणारी कीड, लागत नाही, पण कडक इस्त्रीने तो वितळतो.

"जाळून दाखवते. घरी कुणी करायचं नाही हं!"

मेणबत्ती, चिमटा, पाण्याची वाटी. सुती धागा भुरकन पेटला. कागद जळल्याचा वास आला, मऊ राख उरली.

"आता लोकर. जळक्या केसांचा वास येईल, आणि ज्योतीतून काढली की आपोआप विझेल."

त्यांनी स्वतःच्या शालीच्या झालरीतला धागा ओढून ज्योतीत धरला. तो आक्रसला, वितळला, बाहेर काढला तरी जळतच राहिला. टोकाला टणक काळी गोळी झाली.

"बाई, ही मेंढी प्लॅस्टिकची होती का हो?" मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग हसला.

बाई हसल्या नाहीत. त्यांना थोरलीची शाल आठवली. उकळत्या पाण्यात घालून बदडलेली, आकसून लहान मुलाच्या अंगापुरती उरलेली, जाड आणि घट्ट. साधी शाल अशी आकसते थोडीच! आईच्या हातून दोन्ही शालींची अदलाबदल झाली होती, बहुधा तिलाही न कळता.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. वाटलं, ऐकून ताईचं मन हलकं होईल.

"ताई, खरी लोकर तुझ्याकडे होती गं. माझीच कारखान्यातली."

ताई म्हणाली, "म्हणजे आईने मला चिंधी दिली नव्हती. मीच नासवली."

"तसं नाही गं, तुला साधी म्हणून सांगितलं होतं ना..."

"एवढी वर्षं निदान तिच्यावर रागावता तरी येत होतं. तेही काढून घेतलंस. तू जपणारी ना? मग हे एवढं मनातच जपायचं होतंस."

फोन ठेवल्याचा आवाज आला.