कंसातलं अल्पमत

वकिली सुरू केली तेव्हा मालवणात मी ज्यांच्या हाताखाली काम करत होते, ते आमच्या मसुरे गावचेच. वडिलांचे शाळासोबती. कोर्टात मी त्यांना सर म्हणायची, घरी काका. पक्षकारांसमोर ते स्वच्छ प्रमाण मराठी बोलायचे आणि चेंबरचं दार लोटलं की मालवणीवर यायचे. संदर्भ कसा द्यायचा हे मला कॉलेजात कुणी धड शिकवलं नव्हतं. ते त्यांनी शिकवलं. माझ्या पहिल्याच लेखी युक्तिवादातले दोन निवाडे त्यांनी लाल पेनानं गोल केले होते. एकात वर्ष कंसात आधी, मग खंड, मग रिपोर्टरचं, म्हणजे निवाडे छापणाऱ्या मालिकेचं नाव, मग पान. दुसऱ्यात रिपोर्टरचं नाव आधी आणि वर्ष नंतर.

"दोन्ही बरोबर आसत," ते म्हणाले होते, "पण एका कागदार दोन पद्धती कित्याक? वाचणाऱ्याक वाटता, खंयसून तरी उचललेला आसा. आणि पान डोळ्यांनी बघल्याशिवाय पानाचो आकडो घालू नको."

मी ते मनावर घेतलं. इतकं, की बार रूममध्ये माझी थट्टा व्हायची.

एका कायदेविषयक मराठी मासिकानं किनारपट्टीवर विशेषांक काढायचं ठरवलं आणि काकांना लेख मागितला. विषय त्यांनी निवडला: रापणकरांचा किनाऱ्यावरचा वहिवाटीचा हक्क. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून माणसांनी ओढायचं लांबलचक जाळं. ते ओढायला मोकळी वाळू लागते, आणि आमच्या भागात ती वाळू कुंपणांनी, हॉटेलांच्या भिंतींनी कमी होत चालली आहे. काका म्हणाले, लेख दोघांच्या नावानं देऊया, मजकूर मी सांगतो, तळटीपा तू बघ. मला फार आनंद झाला. घरी वडिलांनी ही बातमी अर्ध्या वाडीला सांगितली.

तळटीपांचं काम मला आवडायचं हे खरंच आहे. मासिकानं आपली संदर्भपद्धती कळवली होती. पहिल्या उल्लेखाला पूर्ण संदर्भ, नंतर लघुरूप आणि 'वरील टीप' असं म्हणून त्या पहिल्या टिपेचा क्रमांक. लागोपाठच्या टिपेत तोच ग्रंथ आला तर 'तत्रैव'. कायद्याचं नाव पहिल्यांदा वर्षासकट. काकांच्या टिपणांत कुठे 'वि.', कुठे 'विरुद्ध', कुठे इंग्रजी 'v.' होतं. मी सगळीकडे 'विरुद्ध' केलं. जिथे निवाड्याला परिच्छेद क्रमांक होते तिथे परिच्छेद दिले, जुन्या निवाड्यांना पानं.

लेखाचा कणा म्हणजे उच्च न्यायालयाचा एक जुना निवाडा. काकांनी तो एका टीकाग्रंथातून घेतला होता. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वापराला कागदी दाखल्याची गरज नाही, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. टीकाग्रंथात फक्त निवाडा सुरू होतो ते पान दिलेलं होतं, वाक्य कुठल्या पानावर आहे ते नव्हतं. म्हणून मी ओरोसला जिल्हा न्यायालयाच्या ग्रंथालयात जाऊन मूळ खंड काढला. निवाडा तीन न्यायाधीशांचा होता. वाक्य सापडलं, पण बरंच मागे. तिथे तिसऱ्या न्यायाधीशांचं वेगळं मत छापलेलं होतं. बाकी दोघांनी उलट निर्णय दिला होता, आणि तोच न्यायालयाचा निर्णय.

मी पुन्हा पुन्हा वाचलं. चुकून काही वेगळं निघेल म्हणून मथळ्याखालचा सारांशही वाचला, जरी सारांश म्हणजे निवाडा नव्हे हेही काकांनीच शिकवलेलं होतं. काही निघालं नाही. मी पानांचे फोटो काढले आणि बस पकडली.

काकांना सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "अल्पमत असा लिवला तर मुद्दो लुळो पडता गो."

"पण मुद्दो पडत नाय, काका. अल्पमतच आसा म्हणून लिवया, आणि ता मत आज कित्याक पटाचा ता सांगूया. उलट लेख बरो होतलो."

बराच वेळ वाद झाला. शेवटी त्यांनी हात झटकले. "कर तुका होया तसा." मी मजकुरात 'भिन्न मत नोंदवणाऱ्या न्यायाधीशांनी म्हटले' असं लिहिलं आणि टिपेच्या शेवटी कंसात 'अल्पमत' घातलं. सगळा लेख एकदा मोठ्यानं वाचला, प्रत्येक 'तत्रैव' वरच्या टिपेशी जुळवून पाहिलं, आणि अंतिम प्रत त्यांना मेल केली. पहिले लेखक ते, म्हणून मासिकाला त्यांनीच पाठवायची होती.

अंक आला तो मी चेंबरच्या पायरीवर उभी राहूनच उघडला. माझं नाव छापलेलं होतं. त्याखालून नजर पुढे गेली आणि एका 'तत्रैव'वर अडखळली. माझ्या प्रतीत ते सरकारी अधिसूचनेला लागून होतं. छापील अंकात मध्येच एक नवी टीप घुसली होती, काकांच्या स्वतःच्या जुन्या पुस्तिकेची. त्यामुळे खालचं 'तत्रैव' आता त्या पुस्तिकेकडे बोट दाखवत होतं, म्हणजे अधिसूचना जणू काकांनीच काढलेली. टिपांचे क्रमांक संगणकानं आपोआप पुढे सरकवले होते, पण 'वरील टीप' म्हणून हातानं लिहिलेले आकडे जागेवरच राहिले होते. नव्या टिपेच्या खालच्या टिपांकडे नेणारा प्रत्येक निर्देश एका टिपेनं चुकलेला.

मी घाईघाईनं त्या कण्याच्या निवाड्यापाशी गेले. मजकुरात होतं, 'न्यायालयाने स्पष्ट केले आहे.' टिपेत निवाडा होता, खंड होता, पान अगदी अचूक होतं, मी ओरोसला जाऊन शोधलेलं. कंस नव्हता.

काका आत होते. मी अंक पुढे ठेवला. त्यांनी तो पाहिलाही नाही.

"मासिकाच्या पद्धतीत टिपेच्या शेवटाक कंस नाय. मी सगळा एकसारखा केलंय," ते म्हणाले.

"आणि मजकूर?"

"अगो, कोण बघूक जाता तो खंड? हंयसर कोणाकडे आसा?"

एकसारखेपणाचं कारण ते मला सांगत होते. मला. मी अंक उचलला आणि टेबलाशी जाऊन दुसऱ्याच कुणाच्या दाव्याचे कागद लावत बसले.

खंड बघणारं कुणीतरी होतंच. एका निवृत्त न्यायाधीशांनी संपादकांना लिहिलं की हे तर अल्पमत आहे, आणि टिपांचा क्रमही ढासळलेला आहे. संपादकांचा फोन आला तेव्हा मी चेंबरमध्येच होते. काकांनी फोन कानाला लावला, माझ्याकडे बघत, आणि त्यांच्या कोर्टातल्या मराठीत बोलू लागले.

"हो हो, लक्षात आलं. त्याचं असं आहे, तळटीपा आमच्या ज्युनिअरनं केल्या होत्या. हुशार आहे, पण नवीन आहे. घाई झाली असेल. मी समज देतो तिला."

फोन ठेवून ते मालवणीवर आले, हलक्या आवाजात, लहान मुलीला समजवावं तसे. "जाव दे गो. तू ल्हान आसस. तुझ्या नावार काय डाग लागूचो नाय, लोक इसारतले. माझा नाव खराब झाला तर ह्या चेंबरात कोण येतलो? तुका तरी काम खंयसून गावतला?"

त्यांना खरंच वाटत होतं की ते माझ्यावर माया करताहेत. मला सगळ्यात जास्त ते लागलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

पण त्याहून कठीण काम पुढे होतं. आमच्या किनाऱ्यावरच्या रापण संघाच्या म्होरक्यानं तो लेख झेरॉक्स करून एका हॉटेलच्या भिंतीविरुद्ध तहसीलदारांकडे केलेल्या अर्जाला जोडला होता. मी त्याला भेटायला गेले तेव्हा तो होडीच्या सावलीत बसून जाळं सांधत होता. मला बघून त्यानं हाक मारली, "येवा वकीलबाई, तुमचो लेख साहेबाक दिलो!"

मी त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे कोर्टान तसा सांगूक नाय?"

"एका न्यायाधीशान सांगल्यान. बाकीच्या दोघांनी नाय म्हटल्यानी."

"मगे कोर्टान सांगल्यान असा कित्याक लिवलास?"

"मी तसा लिवूक नाय."

"पण नाव तुमचा आसा मा?"

तो रागावला नाही. सुतळी दातानं तोडली आणि पुढची गाठ घेतली. आपल्याच माणसांनी आपल्याला खोटा कागद हातात दिला, हे त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं, आणि त्या माणसांत मी होते.

त्याच आठवड्यात मी संपादकांना माझी अंतिम प्रत, ती काकांना पाठवल्याचा मेल आणि निवाड्याच्या पानांचे फोटो पाठवले. सोबत दुरुस्तीचा मसुदा, त्यांच्याच संदर्भपद्धतीत: अमुक टिपेऐवजी अमुक वाचावे, शेवटी कंसात अल्पमत. संपादक सभ्य होते. त्यांनी फोन केला. "तुमचं म्हणणं दिसतंय मला. पण लेखकांमधला वाद आम्ही कसा छापणार? दुरुस्ती छापतो, दोघांच्या नावानं." पुढच्या अंकात चौकट आली. त्यात 'लेखकद्वयाच्या अनवधानाने' असे शब्द होते.

मी चेंबर सोडलं. वडील कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. "एका कंसासाठी?" ते आईला म्हणत, मला ऐकू जाईल असं. "त्यान हिका हाताक धरून शिकवला." ते खोटं नव्हतं.

रापण संघाचा अर्ज मी नव्यानं लिहून दिला. त्यात तो निवाडा सुरुवातीलाच घेतला, आपल्या विरुद्ध आहे असं सांगून. त्या दोन न्यायाधीशांसमोर अधूनमधून वापरल्या जाणाऱ्या जागेचा प्रश्न होता, इथे रोज ओढली जाणारी रापण आहे, म्हणून तो इथे जसाच्या तसा लागू होत नाही, असं मांडलं. साहेबांनी ते पान पुन्हा वाचलं. भिंत पडली नाही, पण तिच्या बाजूनं जाळी नेण्याएवढी वाट सोडायला मालकाला सांगितलं गेलं. म्होरक्या आता माझ्याशी बोलतो. पण मी काही लिहून दिलं की विचारतो, "ह्या खरा मा?" दर वेळी विचारतो.

काकांना अजूनही भाषणांना बोलावतात. मागच्या वर्षी कणकवलीत वकिलांचा मेळावा होता. मी मागच्या रांगेत होते. किनारपट्टीच्या हक्कांवर ते फार छान बोलले, आवाज चढवून, आणि बरोबर मध्यावर आल्यावर म्हणाले, "उच्च न्यायालयानं तर स्पष्टच केलेलं आहे." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या मुलीनं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मी तिला चहाच्या सुट्टीत गाठलं, ते अल्पमत आहे म्हणाले आणि खंड, पान सांगितलं. तिनं लिहून घेतलं खरं, पण तोंडावर असा भाव होता की ही बाई सरांवर जळते.